मोठी गिटार, रोझवूडची पाठ आणि मधले भोक

*“रोझवूडची, मोठ्या आकाराची गिटार घेतली तर आवाज मोठा येईल ना? आणि मधल्या भोकाचे नेमके काम काय?”*

आकाराने फरक पडतो. लाकडाच्या बाबतीत मात्र बहुतेकांचे लक्ष भलत्याच फळीवर जाते. तार इतकी बारीक असते की ती एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन ब्रिजमधून, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीतून, वरच्या फळीला, म्हणजे टॉपला मिळते आणि हवा ढकलते ती ही फळी. स्प्रूस किंवा सीडरचा हा टॉप साधारण अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा असतो. तो हलका हवा, तरीही तारांचा ताण सोसण्याइतका ताठ हवा. जास्त जाड ठेवला तर गिटार टिकते, पण आवाज दबतो.

पाठीचे रोझवूड देखणे असते आणि महागही, पण आवाजातला त्याचा वाटा थोडा असतो. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून वर चांगला टॉप बसवला होता, तो हेच दाखवण्यासाठी.

भोक ही आवाज बाहेर पडण्याची नुसती वाट नव्हे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा एक ठरावीक सूर घुमतो, तसा गिटारच्या पोटातल्या हवेलाही स्वतःचा सूर असतो आणि ड्रेडनॉटसारख्या मोठ्या गिटारमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास येतो. पोट जितके मोठे, तितका हा सूर खाली जातो. भोक मोठे केले, तर तो वर चढतो. म्हणूनच रुंद आणि खोल गिटारचा खर्ज भरदार वाटतो, तर लहान, बारीक कमरेच्या गिटारमध्ये मधले सूर पुढे येतात.

हे घरी तपासता येते. भोकाजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत गुणगुणत हळूहळू सूर चढवावा. एका ठरावीक सुराला गिटारची पाठ हाताखाली स्पष्ट थरथरते. आता पुठ्ठ्याने अर्धे भोक झाकले, तर तो सूर खाली सरकतो. लाकूड अजिबात हलत नाही असे धरून केलेल्या ढोबळ हिशेबाने १०० चे सुमारे ८४ हर्ट्झ होतात.

हा सूर नेमका एखाद्या स्वरावर आला, तर मात्र पंचाईत होते. जाड सहाव्या तारेचा चौथा पडदा सुमारे १०४ हर्ट्झचा असतो. काही गिटारांत तो शेजारच्या स्वरांपेक्षा दणकन वाजतो आणि लगेच विरतो. बोटाने दिलेली ऊर्जा तेवढीच असते, ती तिथे झटपट खर्च होते. म्हणून गिटार निवडताना मी पाठीच्या लाकडाची चौकशी करण्याआधी सहावी तार एकेक पडदा दाबत, सारख्याच जोराने वाजवून पाहतो.