दहा टक्के की सोळा टक्के?

वागळे इस्टेटमध्ये शीट मेटलचं काम करणारे एक दादा माझ्याकडे जीएसटी रिटर्नसाठी येतात. परवा आले ते बेंडिंग मशीनच्या कर्जाचे दोन कागद घेऊन. दहा लाख, ३६ महिने. फायनान्स कंपनी म्हणतेय १० टक्के, बँक म्हणतेय १६.

"मॅडम, बँकवाले लुटायलाच बसलेत. उद्या फायनान्सवाल्याकडे सह्या करतो."

मी म्हटलं, "दादा, आधी हप्ता सांगा." फायनान्सचा ३६,१११ निघाला, बँकेचा ३५,१५७. ते कागद उलटसुलट करून बघत बसले. दहा टक्क्यांचा हप्ता सोळा टक्क्यांपेक्षा मोठा कसा?

फायनान्सच्या कागदावर खाली बारीक अक्षरात 'फ्लॅट' होतं. म्हणजे दहा लाखांवर वर्षाला एक लाख, तिन्ही वर्षं तेवढंच. मुद्दल फिटत आलं तरी व्याज हलत नाही. मी शेवटचा महिना मांडून दाखवला: मुद्दल उरलंय २७,७७८ आणि त्या एका महिन्याचं व्याज ८,३३३. दादा एवढंच म्हणाले, "हे तर सावकारी झाली." बँकेचा दर रिड्यूसिंग होता, म्हणजे जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच व्याज. त्या मापात फ्लॅटचे १० टक्के जवळपास १८ होतात.

मग फी. फायनान्सची प्रोसेसिंग फी २ टक्के, वर १८ टक्के जीएसटी, मिळून २३,६०० रुपये आधीच कापणार. हातात ९,७६,४००, हप्ता मात्र पूर्ण दहा लाखांचा. म्हणून एक्सेलमध्ये हातात पडणारी रक्कम घालायची:

```
=RATE(36,-36111,976400)*12
```

उत्तर १९.६५ टक्के. बँकेची फी १ टक्का, जीएसटी धरून ११,८००. तिथे ९,८८,२०० आणि ३५,१५७ घातले तर १६.८५. (फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट दादांना मिळेल, पण ते दोन्हीकडे, त्यानं क्रम बदलत नाही.) हप्त्यातला फरक आणि जादा फी मिळून तीन वर्षांत सुमारे ४६ हजार.

दादांनी तिथूनच एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, आमचा रेट दहाच आहे." मी खुणेनं सांगितलं, केएफएस मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून लघुउद्योगांच्या नव्या मुदतकर्जालाही हे मुख्य माहितीपत्रक द्यावंच लागतं आणि त्यात फी, विमा वगैरे धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापावा लागतो. फ्लॅट तिथे लपत नाही.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पत्रक आलं. एपीआर २०.४. माझ्या हिशोबापेक्षा जास्त, कारण कर्जदाराच्या विम्याचा हप्ताही कापणार होते आणि तो एजंटनं तोंडी सांगितलाच नव्हता. दादांनी बँकेचंही पत्रक मागवलं. त्यात विमा नव्हता. मशीनची ऑर्डर त्यांनी बँकेच्या मंजुरीवर दिली.