साहेबांचा वाढदिवस आणि चाळीस बेअरिंग

आमच्या साहेबांचा वाढदिवस २९ मार्चला येतो. यात त्यांचा काही दोष नाही, पण अप्रेझलचे फॉर्म ३१ तारखेपर्यंत त्यांच्याच टेबलावर जायचे असतात. त्यामुळे त्या दिवशी कोणी काहीही चांगलं लिहिलं, तरी त्याला पगारवाढीचा वास येतो.

यंदा ऑफिसच्या ग्रुपवर टाकायच्या शुभेच्छा मी आदल्या रात्रीच लिहायला बसलो. पहिला मजकूर दोन मिनिटांत झाला: 'आदरणीय सर, आपल्यासारखे कुशल, दूरदृष्टीचे आणि प्रेमळ नेतृत्व आम्हाला लाभले हे आमचे भाग्य. आपण शतायुषी व्हा!' वाचून बायको म्हणाली, "खाली फोटो आणि 'शुभेच्छुक' टाका, चौकात लावू." तिचं बरोबर होतं. साहेबांचं नाव काढून नगरसेवकाचं घातलं असतं, तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं.

'शतायुषी व्हा' तर मीच खोडलं. व्हा, हो, जग, हे थोरांनी धाकट्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं. धाकट्याला तो अधिकार नाही, म्हणून तर आपण देवाला मध्ये घालतो आणि 'उत्तम आरोग्य लाभो' म्हणतो. त्या 'लाभो'मध्ये देणारा दुसराच कोणी असतो, आपण फक्त मागणारे.

मग ठरवलं, विशेषणं नकोत, प्रसंग लिहू. प्रसंग माझ्याकडे होता. मी स्टोअर्समध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी वर्षअखेरच्या स्टॉक मोजणीत एका नंबरचे चाळीस बेअरिंग कमी भरले. बिन कार्डावर चारशे बारा, रॅकवर तीनशे बहात्तर. ऑडिटर दुसऱ्या दिवशी येणार होता. साहेब खाली आले. 'कोणी केलं?' हा प्रश्न येणार म्हणून मी उत्तराची तयारी करून उभा होतो. त्यांनी स्टूल ओढलं आणि चलनांची फाइल मागितली. शेवटच्या चलनापासून उलटं एकेक पान बघत गेले. चौथ्या की पाचव्या पानावर ते चाळीस सापडले. माल आला होता, नोंदही झाली होती, पण तपासणीच्या खोलीतून खोका रॅकवर आलाच नव्हता. मोजणारा रॅक मोजत होता आणि बेअरिंग पलीकडच्या खोलीत निवांत पडले होते.

हे सगळं मी लिहून काढलं. वाचलं तर शुभेच्छा कसल्या, चौकशीचा अहवाल! शिवाय तपासणीतला आमचा मित्रही त्याच ग्रुपवर. साहेबांचा वाढदिवस आणि त्याची दोन वर्षांपूर्वीची चूक एकाच मेसेजात साजरी झाली असती. म्हणून आकडा गेला, खोका गेला, खोली गेली. स्टूल आणि फाइल ठेवली.

पुढे लिहिलं, 'तो प्रसंग तुम्ही फार छान हाताळलात.' इथे मी बराच वेळ अडलो. वाक्यात खोटं काही नव्हतं, पण वहीवर 'छान' असा शेरा मारणाऱ्या मास्तरांचा सूर होता. वीस वर्षं प्लांट चालवणाऱ्या माणसाला मी कोण प्रमाणपत्र देणार? 'तुमच्यामुळे माझी नोकरी वाचली' हेही लिहून पाहिलं. नोकरी जाणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी त्यांच्याबद्दलचं मत सोडलं आणि माझ्यात काय बदललं तेवढं लिहिलं. तिथे खुशामत करायला जागाच उरत नाही, कारण ते खरं आहे की नाही, हे माझ्या टेबलाशी येऊन कोणीही तपासू शकतो.

'आपण' की 'तुम्ही' हेही उरलं होतं. 'आपण फाइल बघितली' लिहिलं, की मीही शेजारी बसून बघितली असं वाटतं, आणि 'आपण बघितलीत' लिहिलं की सूर निमंत्रणपत्रिकेचा होतो. रोज तोंडावर 'तुम्ही'च म्हणतो, तेच ठेवलं. सकाळी पाठवलं ते असं:

'सर, वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. दोन वर्षांपूर्वी मोजणीत फरक आला, तेव्हा तुम्ही स्टूलवर बसून चलनांची फाइल मागितलीत. कोणाचं नाव विचारलं नाहीत. तेव्हापासून फरक आला की मीही आधी कागद बघतो, माणसाला नंतर विचारतो. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो.'

ग्रुपवर सत्तावीस केक आणि चार गणपती आले होते. साहेबांनी सगळ्यांना मिळून एकच हात जोडलेला ठेवला. मलाही त्यातच.

दुपारी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"चाळीस होते ना ते?"

"हो सर."

"हं," म्हणाले, आणि ताक घ्यायला पुढे गेले.