सदतीस ब्लँक कुठे गेले?

कारखान्यात ईआरपी, म्हणजे माल आणि उत्पादनाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी सव्वादहाला प्रेस थांबला. ऑर्डर ५०० नगांची, ४६३ मारून झाले आणि ब्लँक, म्हणजे प्रेसखाली घालायचे कापलेले पत्र्याचे तुकडे, संपले. सिस्टिम मात्र ३७ शिल्लक दाखवत होती. स्टोअरवाले मला म्हणाले, "तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय."

मी मागच्या ऑर्डरची नोंद उघडली. ४०० ब्लँक दिले होते, चांगले नग ३६३, रिजेक्शन शून्य. नोंद झाली की सिस्टिम तेवढेच ब्लँक आपोआप वजा करते, म्हणजे ३६३ वजा झाले. उरलेले ३७ प्रत्यक्षात खराब होऊन लाल डब्यात पडले होते, पण हिशेबात रॅकवरच होते. म्हणून पुढच्या ऑर्डरला खरेदीने ३७ कमी मागवले.

मग सगळ्याच नोंदींच्या वेळा पाहिल्या. जवळपास सगळ्या पाळीच्या शेवटच्या वीस मिनिटांतल्या, एकाच सुपरवायझरच्या लॉगिनने. आणि तीन आठवड्यांत रिजेक्शन कुठेच नाही. प्रेसवर असं होतच नाही.

जुन्या ऑपरेटर काकांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, डबा भरला तर कोणी विचारत नाही. आकडा लिहिला की नाव लागतं. वर इन्सेंटिव्ह जातो तो वेगळाच." मग त्यांनी तेलकट हातमोजे दाखवले. नोंदीला अकरा रकाने, टर्मिनल शेडच्या दुसऱ्या टोकाला, आणि पाच मिनिटांत लॉगआउट. हे सगळं मी प्रोजेक्टरवर दोन दिवस शिकवलं होतं, बसलेल्या माणसांना, खोट्या डेटावर. चूक माझीच होती.

अकराचे तीन रकाने केले: जॉबकार्डचा बारकोड स्कॅन, चांगले नग, खराब नग. खराबचं कारण चित्रावर बोट ठेवून निवडायचं. टर्मिनल प्रेसजवळ आणलं. शिकवायला मी गेलो नाही, काका गेले. चालू पाळीत, एका वेळी दोघांना, त्यांच्याच जॉबवर. तीन महिने रिजेक्शनच्या आकड्यावरून कोणाला जाब विचारायचा नाही, हे मॅनेजरांकडून लेखी घेऊन फलकावर लावलं. जुनी वही आठवडाभर सोबत चालू ठेवली आणि मग उचलून नेली. वही असेपर्यंत ईआरपी म्हणजे दुप्पट काम, आणि ते कोणी मनापासून करत नाही.

पहिल्याच आठवड्यात रिजेक्शन शून्यावरून ४१ वर गेलं. मॅनेजर मीटिंग बोलवायला निघाले होते; त्यांना फलकासमोर उभं केलं. ४१ पैकी २९ नगांचं कारण एकच होतं, बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली धातूची कुसळं. टूलरूमने डाय उतरवून धार लावली. दुसऱ्या दिवशी काका स्वतः टर्मिनलपाशी आले आणि विचारलं, "आज बर किती?"

रात्रपाळी मात्र अजूनही शेवटच्या वीस मिनिटांतच भरते. तिथे काका नाहीत.