फ्लायव्हील नोंद: ८,००० ची थरथर सापडली, मधलं भोक रद्द

ऊर्जा साठवायला बनवलेल्या माझ्या फ्लायव्हीलमधल्या थरथरीचा चोर अखेर सापडला. कितीही बॅलन्सिंग केलं तरी ८,००० आरपीएमच्या आसपास ती परत यायची आणि वेग उतरला की गायब व्हायची. साधा असमतोल असता तर जड बाजूचा कोन दर वेळी तोच दिसला असता. इथे प्रत्येक धावेत तो वेगळा.

चकती उतरवली तर शाफ्टवर लालसर तपकिरी भुकटी! पोलादाचे दोन घट्ट पृष्ठभाग किंचित घासत राहिले की पडते तीच. म्हणजे शाफ्ट भोकात दाबून बसवलेलं प्रेस फिट फिरताना सैल होत होतं. लगेच हिशोब मांडला. चकती ३०० मिमी व्यासाची, २५ मिमी जाड, साधारण १४ किलो. शाफ्ट २५ मिमी. ८,००० ला भोकाच्या कडेला ताण १०० मेगापास्कलच्या थोडा वर जातो आणि भोकाचा व्यास १२ मायक्रॉनने वाढतो. फिटसाठी शाफ्ट भोकापेक्षा जाड ठेवला होता तोही तेवढाच! आकडे असे जुळले की चहा गार झाला तरी वहीवरून नजर हटेना.

उपाय म्हणून शाफ्ट भोकापेक्षा ४० मायक्रॉन जाड ठेवून, चकती तापवून श्रिंक फिट करणार होतो. पण मग चकती उभी असतानाच भोकाच्या कडेला १७० च्या घरात ताण बसतो, आणि ८,००० ला एकूण २२० च्या आसपास. माइल्ड स्टील २५० ला वाकायला लागतं. नको.

खरा खलनायक भोकच. मध्ये बारीकसं भोक पाडलं तरी तिथला ताण भरीव चकतीच्या मध्यापेक्षा दुप्पट होतो. उलट भोकच नसेल तर तेवढ्याच ताणात वेग १.४ पट नेता येतो आणि ऊर्जा दुप्पट मिळते: आत्ताच्या १५ वॉट-तासांऐवजी ३०, तेही तेवढ्याच वजनात. सगळं वजन कडेला न्या म्हणणाऱ्या रिंगवाल्यांनी हे जरूर ताडून पाहावं. रिंगचं जडत्व जास्त हे कबूल, पण ताण जमेस धरला तर किलोमागे भरीव चकती तिच्या पुढेच जाते.

तेव्हा आता चकती आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकाच फोर्ज केलेल्या तुकड्यातून लेथवर काढायचे. गॅसने कापलेल्या प्लेटच्या चकत्या कितीही स्वस्त मिळोत, मी रोटरसाठी घेत नाही. कापलेली कड कडक होते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. फ्लँज बोल्टने जोडायचा विचारही सोडला, कारण मध्याजवळचं बोल्टचं प्रत्येक भोक म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

लिहिता लिहिता सुचलं: एकसंध तुकडाच आहे तर मध्य जाड ठेवून कडेकडे निमुळता का करू नये? ताण सगळीकडे सारखा पसरेल. कडेचं वजन घटल्याने त्याच वेगाला ऊर्जा कमी भरेल, पण वेगाला वाव वाढेल. अडचण बेअरिंगची, माझी ११,००० च्या पुढे तापतात. म्हणून पहिला रोटर सपाटच, आणि तो ज्या खड्ड्यात फिरतो त्यावरचं झाकण जाड केल्याशिवाय ८,००० च्या वर जाणार नाही.