मागच्या जिन्याची किल्ली

आमच्या शाळेत तळमजला धरून तीन मजले, साडेपाचशे मुलं आणि दोन जिने आहेत. गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापिका बाईंनी आगीच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे सोपवलं, तेव्हा कागद पाहून मी निर्धास्त होते. महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून 'बी फॉर्म' घ्यावा लागतो, आणि तो फाईलला होता. पण त्या फॉर्मने अग्निशामक नळकांडी आणि पाण्याचे पाईप चालू स्थितीत आहेत एवढंच कळतं. मुलं बाहेर पडू शकतात का, ते ड्रिल घेतल्याशिवाय कळत नाही.

जुलैत आम्ही पहिलं ड्रिल घेतलं, तेही आदल्या दिवशी सांगून. शाळा रिकामी व्हायला साडेनऊ मिनिटं लागली. मागच्या जिन्याच्या लोखंडी जाळीला कुलूप होतं. मधल्या सुट्टीत मुलं तिकडून पळतात म्हणून ते लावलं होतं आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सगळी शाळा पुढच्या जिन्यावर आली. दुसऱ्या मजल्याची रांग आणि पहिल्या मजल्याची रांग एकाच वळणावर भिडली, आणि पाचवीची दोन मुलं कठड्याला दाबली गेली. मी तिथेच उभी होते. 2004 साली कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत 94 मुलं गेली, तिथला जिनाही अरुंद होता. त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

जाळीचं कुलूप त्याच संध्याकाळी काढलं. शाळा भरलेली असताना जाळी पूर्ण उघडी राहते आणि सुट्टीत तिथे एक शिक्षक उभा राहतो. शिक्षकांनी कुरकुर केली, पण मुलं पळतात याला कुलूप हे उत्तर नव्हे.

मग पाट्या. 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी हिरवी पाटी प्रत्येक जिन्याच्या दारावर होती, पण भिंतीला चिकटवलेली. व्हरांड्यातून चालत येणाऱ्याला ती दिसतच नव्हती, अगदी समोर गेल्यावरच दिसायची. आम्ही भिंतीला काटकोनात बाहेर आलेल्या पाट्या लावल्या आणि प्रत्येक वळणावर बाण काढले. धूर वर चढतो, छताजवळची पाटी आधी झाकली जाते, म्हणून अंधारात चमकणारे बाण गुडघ्याच्या उंचीवरही लावले. प्रयोगशाळेजवळचा एक बाण चुकून स्टोअररूमकडे वळलेला निघाला. तो सातवीच्या एका मुलीने दाखवला.

सगळ्यात जास्त वेळ शिक्षकांच्या जबाबदाऱ्या ठरवण्यात गेला. पहिल्या यादीत प्रत्येक वर्गाची जबाबदारी वर्गशिक्षकावर टाकली होती. पण ड्रिलची घंटा झाली तेव्हा निम्म्या वर्गशिक्षकांचा तास दुसऱ्याच वर्गात होता. आता नियम सोपा आहे: ज्याचा तास, त्याचा वर्ग. तो शिक्षक शेवटी बाहेर पडतो, दार ओढून घेतो पण कुलूप लावत नाही, आणि मैदानावर मोजणी करतो. ज्याचा मोकळा तास असेल तो आपल्या मजल्याची स्वच्छतागृहं बघतो. एक शिपाई मामा मेन स्विच बंद करतात, दुसरे फाटक उघडून बंबासाठी रस्ता मोकळा ठेवतात. आठवीत एक मुलगा कुबड्या घेऊन चालतो, त्याच्यासाठी दोन शिक्षकांची नावं आधीच ठरलेली आहेत, कारण ऐनवेळी 'कोणीतरी' म्हटलं की कोणीच जात नाही.

मोजणीतही गफलत सापडली. सप्टेंबरच्या ड्रिलमध्ये सहावीच्या हजेरीपटावर 41 हजर, मैदानावर 38. आमचे पाय गळाले. दोघं खेळाच्या सामन्याला गेले होते आणि ते सकाळच्या हजेरीत कोणी खोडलं नव्हतं. तिसरा स्वच्छतागृहात होता, त्याला घंटा ऐकूच आली नव्हती. आता तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या कोपऱ्यात हजर मुलांचा आकडा लिहितात आणि बाहेर पडताना शिक्षक तो हाताच्या पंजावर उतरवून घेतो. हजेरीपट शोधत बसावं लागत नाही.

ड्रिल आम्ही दर तीन महिन्यांनी घेतो. वर्षातून एकदा घेतलं तर जूनमध्ये आलेल्या नव्या मुलांना आणि बदलून आलेल्या शिक्षकांना ते वर्षभर माहीतच होत नाही. शिवाय प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं असतं. डिसेंबरचं न सांगता मधल्या सुट्टीत घेतलं, तेव्हा 'ज्याचा तास, त्याचा वर्ग' हा नियमच कोसळला, कारण तेव्हा कोणाचाच तास नसतो. त्या वेळेसाठी वेगळं ठरवलं: मुलांनी वर्गात परतायचं नाही, जवळच्या जिन्याने थेट मैदानावर वर्गाच्या खुणेपाशी जायचं, आणि मोजणी वर्गशिक्षकांनी करायची.

फेब्रुवारीत पुढच्या जिन्यावर खुर्ची ठेवून लाल कापड बांधलं: इथे आग आहे असं समजा. पाचवीच्या बाई तिथवर आल्या, थांबल्या, पूर्ण रांग जागच्या जागी वळवली आणि शेवटच्या मुलाला पुढे करून मागच्या जिन्याने खाली उतरल्या. एक जिना बंद असूनही शाळा पाच मिनिटं वीस सेकंदांत रिकामी झाली. स्वच्छतागृहांजवळ घंटा अजून नीट ऐकू येत नाही. तिथे दुसरी घंटा मे महिन्यात बसेल.