काटकोनात बॉट लाइन का सोडतो

"ताई, तुमच्या लाइन फॉलोअर बॉटचे Kp आणि Kd किती आहेत? आमचा काटकोनात लाइन सोडतो."

आकडे लपवायचे नाहीत मला. Kp 0.08, Kd 0.9, Ki शून्य. लाइन मध्यापासून किती सरकली ती एरर; Kp त्या एररला गुणतो, Kd एररमधल्या बदलाला. पण हे माझ्या मोटरचे, माझ्या चाकांचे आकडे. टू-सेल लिपो बॅटरी 8.4 व्होल्टवरून 7.4 वर आली की माझ्याच बॉटला ते जुळत नाहीत. आणि काटकोनाचं दुखणं या आकड्यांत नसतंच. हे कळायला मला एक स्पर्धा हरावी लागली.

सराव ट्रॅकवर सगळी वळणं गोल होती. स्पर्धेत सरळ पट्टीनंतर उजवीकडे काटकोन आला आणि बॉट सरळ बाहेर. तीनही प्रयत्नांत तिथेच. मधल्या वेळात मी Kp वाढवला, मग Kd वाढवला. Kd वाढवल्यावर तर जास्तच वाईट. घरी येऊन मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं, तेव्हा दिसलं: लाइन सोडताना बॉट डावीकडे झटका देतोय. वळण उजवीकडे, झटका डावीकडे!

मग वहीत हिशेब मांडला. पाच सेन्सरची वजनं −2000, −1000, 0, 1000, 2000. काटकोनावर मधला आणि उजवीकडचे दोन काळ्यावर येतात. त्यांची सरासरी, म्हणजे एरर, फक्त 1000. म्हणजे वळण सगळ्यात तीव्र असताना एरर निम्मीच. पुढच्या लूपमध्ये पाचही पांढऱ्यावर, आणि माझा कोड तेव्हा एरर 0 द्यायचा, जणू लाइन बरोबर मध्ये आहे. 1000 वरून 0, म्हणजे Kd च्या D भागाला फरक दिसला −1000. तोच डावीकडचा झटका. जितका Kd जास्त, तितका झटका मोठा. म्हणून पाचही पांढऱ्यावर असतानाचा कोड बदलला:

```
if (sum < 200) {
  error = (lastSide > 0) ? 2500 : -2500;
  lastError = error;
}
```

`sum` ही पाच रीडिंगची बेरीज, प्रत्येक 0 ते 1000 वर कॅलिब्रेट केलेलं. `lastSide`, म्हणजे लाइन शेवटची कुठल्या बाजूला दिसली, ते मी फक्त टोकाच्या सेन्सरवरून ठरवते, आणि दोन्ही टोकं एकदम काळी असतील तर (म्हणजे चौक) ते बदलत नाही. `lastError` तिथेच बरोबरीला आणल्याने त्या लूपमध्ये D गप्प बसतो. आतलं चाक उलटं फिरू द्या, नुसतं थांबवून वेगात वळण बसत नाही.

तेव्हा मी म्हणायचे, ट्यूनिंग जमलं की सगळं जमेल. ते चूक होतं. पण ट्यूनिंग बिनमहत्त्वाचं, असंही मी म्हणणार नाही: Kd कमी असेल तर वळणातून बाहेर आल्यावर बॉट झुलत राहतो.

आणि तुटक लाइन अजून मला त्रास देते. सरळ पट्टीतल्या गॅपमध्ये बॉटने सरळच जायला हवं, पण वरचा कोड जुनी बाजू आठवून गरकन वळतो. म्हणून टोकाचा सेन्सर गेल्या 80 मिलिसेकंदांत काळा झाला नसेल तर मी `lastSide` विसरते आणि सरळ जाते. गोल वळणावर गॅप आला की हाही उपाय फसतो. गेल्या आठवड्यातही फसला.