आमची वाटचाल : तीन कागद आणि एक चटईचा कारखाना

जळगाव एमआयडीसीत आमचं प्लास्टिकच्या चटईचं युनिट आहे, दाणा वितळवून नळी काढणारा एक एक्स्ट्रूडर, ती विणणारे सहा लूम, आणि आता माझा मुलगाही बसतो ऑफिसात. सुरुवातीची वर्षं, शेड कशी घेतली, पहिली लूम कुठून आणली हे सगळं सांगत बसत नाही, सगळ्यांचं तसंच असतं. मला सांगायचंय ते २०१४ चं.

आपला एक्स्ट्रूडर जर्मन, सेकंडहँड घेतलेला. रिप्रो दाण्यावर, म्हणजे जुन्या प्लास्टिकपासून केलेल्या दाण्यावर, चालवून चालवून स्क्रू-बॅरल घासलं, नळीची जाडी एकसारखी येईना. नवीन सेट १४,००० युरोचा. एका मध्यस्थामार्फत मागवला, पैसे त्याच्याकडे रुपयात द्यायचे आणि तो पुढे तिकडे पाठवणार. प्रोफॉर्मावर अर्धे, ७,००० युरो, आधीच दिले होते. माल आला, मागून जर्मन बिल आलं, आणि तो म्हणाला की बिल १४,००० चं आहे, तेवढे द्या. आमच्या तेव्हाच्या मुनीमजींनी वरचा आकडा बघितला, मी सही केली, पैसे गेले. बिलाच्या तळाशी दोन ओळी होत्या, त्यात आधीची 'आनत्साहलुंग' वजा करून बाकी ७,००० लिहिली होती. आनत्साहलुंग म्हणजे अॅडव्हान्स. तो कागद आमच्याच फाइलमध्ये होता, आणि आम्ही तो वाचला नाही कारण तो आपल्याला वाचता येत नाही असं आम्ही धरूनच चाललो होतो.

साडेपाच लाखाच्या वर रक्कम अडकली. मागायला गेलो तर रेट डिफरन्स, हँडलिंग, असं काय काय सांगितलं, शेवटी म्हणे 'भाऊ, कागद तर तुमच्याकडेच होता ना'. ते वाक्य मला अजून टोचतं. दाणावाल्यांनी उधारी बंद केली, लाइटबिल थकलं, दोन महिने तीन लूम बंद. धरणगावचे अण्णा, आमचं पहिलं गिऱ्हाईक, त्यांनी पुढच्या मालाचे दोन लाख रोख आणून टेबलावर ठेवले, पावतीसुद्धा मागितली नाही. त्यांचा माल मी आजही आधी भरतो, बाकीचे थांबतात.

त्यानंतर मी ठरवलं की बिल कोणत्याही भाषेत येवो, तीन कागद जुळल्याशिवाय पैसा सुटणार नाही. आपली पर्चेस ऑर्डर, आपली माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि सप्लायरचं बिल. सांगायला सोपं आहे. पण मागच्या वर्षी नवीन मुलगी आली अकाउंटला, यावलकडची, हुशार, टॅलीवर हात बसलेला, तिच्यासमोर जर्मन बिल ठेवलं तर घाबरली, म्हणे 'हाई काय शे भाऊ, मला तर यातलं अक्षर लागत नाही'.

मी तिला म्हटलं, ताई, तीन कागदांतले दोन आपले आहेत. ऑर्डर आपण लिहिली, जीआरएन आप्पांनी स्टोअरमध्ये लिहिली. परका कागद एकच, आणि त्यालाही आपण वाचायचं नाही, आपल्या दोन कागदांपुढे उभं करायचं. म्हणून मी ऑर्डरवर आपला आयटम कोड टाकतो आणि तोच बिलावर छापा असं सप्लायरला कळवतो. मालाचं जर्मन नाव काही का असेना, कोड दिसला की ओळ सापडते.

तिच्याच हातची पहिली केस सांगतो. ऑर्डर होती ४० हीटर बँड, ३८.५० युरोने, म्हणजे १,५४० युरो, आणि १,५०० फिल्टर जाळ्या, १०० नगाला ६४ युरो, म्हणजे ९६० युरो. एकूण २,५००. ब्रेकर प्लेटवर बसते ती गोल जाळी, रिप्रो दाण्यात ती रोज चोकअप होते, म्हणून आम्ही भरून ठेवतो.

बिल बघून ती म्हणे जाळ्या १.५०० लिहिल्यात, दीड जाळी कशी येईल? तिथे मी थांबलो आणि समजावलं, जर्मन लोक हजाराला टिंब देतात आणि पैशाला स्वल्पविराम, आपल्या उलट. १.५०० म्हणजे दीड हजार, आणि ६४,०० म्हणजे चौसष्ट. मग तिने टॅलीत १,५०० गुणिले ६४ मारलं, ९६,००० युरो आले, चेहरा पांढरा पडला तिचा. पण बिलाच्या ओळीत शेवटी ९६०,०० होतं. गुणाकार आणि ओळीची रक्कम जुळत नसेल तर भाव किती नगाचा आहे ते बघायचं, शेजारच्या छोट्या रकान्यात १०० लिहिलं होतं, म्हणजे भाव शंभराचा. आपल्या ऑर्डरवरही तसंच होतं. जाळ्यांची ओळ जुळली.

आता हीटर बँड. बिलात ४०, १.५४०,००. ऑर्डरमध्ये ४०. दोन कागद जुळले, तिने टिक करायला पेन उचललं. मी म्हटलं तिसरा कागद काढ. जीआरएनवर आप्पांनी ३६ लिहिले होते. मालासोबतच्या 'लीफरशाइन'वर, म्हणजे डिलिव्हरी चलनावर, पण ३६ च, आणि बाजूला 'र्‍युकश्टांड ४', म्हणजे चार नग मागून येणार. माल ३६ चा पाठवला आणि बिल ४० चं लावलं. चार नगाचे १५४ युरो आपण रोखले, २,३४६ पाठवले, आणि साध्या इंग्रजीत मेल टाकला की ३६ मिळाले, चारसाठी क्रेडिट नोट द्या. त्यांनी चार दिवसांत क्रेडिट नोट पाठवली, जर्मनमध्ये तिला 'गूटश्रिफ्ट' म्हणतात, आणि चार बँड नंतर आले तेव्हा वेगळ्या बिलाने आले, त्या बिलाचीही वेगळी जीआरएन झाली.

हे पकडलं गेलं ते आप्पांमुळे. आप्पांना मी मालाचा आकडा दाखवत नाही, ऑर्डरची जी कॉपी स्टोअरला जाते तिच्यावर नगाचा रकाना कोरा असतो. आप्पा खोका उघडतात, मोजतात, लिहितात. चलनावरून उतरवून घेतलं असतं तर इथे निदान ३६ तरी आले असते, पण चलनावर चुकून ४० छापलेलं असतं तर आप्पांनीही ४० च लिहिले असते, आणि तिन्ही कागद अगदी छान जुळून आपले पैसे गेले असते. जीआरएन मोजून झाली नसेल तर तो तिसरा कागद नाही, तो दुसऱ्याचीच झेरॉक्स आहे. नग बरोबर आहे आणि माल खराब आहे हे मात्र या जुळणीत दिसत नाही, त्यासाठी मी वेगळा शेरा मागतो, हीटर बँड लावून तापवून बघितल्याशिवाय आप्पा 'ओके' लिहीत नाहीत.

आणखी एक, जुळवणी युरोत करा, रुपयात नाही. कस्टमचा रेट वेगळा, बँकेने ज्या दिवशी पैसे पाठवले त्याचा वेगळा, रुपयात जुळवायला गेलात की प्रत्येक बिलात फरक येतो आणि मग फरकाची सवय लागते. आमच्या मुनीमजींना तीच सवय लागलेली होती, म्हणून 'रेट डिफरन्स' ऐकून ते गप्प बसले. आयजीएसटीचं क्रेडिटही कस्टमच्या कागदावरून, म्हणजे बिल ऑफ एन्ट्रीवरून घेतात, सप्लायरच्या बिलावरून नाही, ती फाइल वेगळी ठेवा.

ताईने आता तिच्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे, स्वतःच्या हाताने लिहिलेली, आठ-दहा शब्द, रेख्नुंग म्हणजे बिल, मेंगे म्हणजे नग किती, श्ट्युक म्हणजे नग, गूटश्रिफ्ट, र्‍युकश्टांड. सगळ्यात वर तिने लाल पेनाने आनत्साहलुंग लिहिलंय. मी तिला ती २०१४ ची फाइल दाखवली होती.